हमालीवरची लाल रेघ

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात सहदेव तांडेल फिटर होता. १९५४ साली त्याला हत्यारांची पेटी देऊन पंप दुरुस्तीसाठी नाशिकला पाठवलं. परतल्यावर त्याने प्रवासखर्चाचं बिल दिलं: तिसऱ्या वर्गाचं भाडं, लगेज, धर्मशाळा, हमाली बारा आणे. तिकिटं स्टेशनच्या फाटकावर काढून घेतात, म्हणून त्यांचे नंबर लिहिले. लगेज आणि धर्मशाळेच्या पावत्या जोडल्या.

हिशेबनीस कर्णिकांनी हमालीवर लाल रेघ ओढली. "याची पावती नाही. आणि फिटर ना रे तू? पेटी उचलवत नाही? कर इथे सही."

"सही केली तर मी खोटा ठरतो, साहेब. नियम सात वाचा. कंपनीची हत्यारं मणाच्या वर असली तर हमाली मिळते. पावती नसेल तर हमालाच्या बिल्ल्याचा नंबर चालतो. तो लिहिलाय."

"मणाच्या वर कशावरून?"

सहदेवने लगेजच्या पावतीवर बोट ठेवलं. रेल्वेच्या काट्यावर पेटी एक मण सहा शेर भरली होती.

कर्णिकांनी नियम दोनदा वाचला. मग लाल रेघेशेजारी 'मंजूर' लिहून आधी स्वतःची सही केली. त्यानंतर सहदेवने केली.