सदतीस फर्मे आणि बारा मिनिटं

रोज सकाळी नऊ वाजता ती टेबलाशी बसायची, स्वयंपाकघरातलं गजराचं छोटं घड्याळ बारा मिनिटांवर लावायची आणि त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची. काटा दिसला की हात धावतो, असं तिचं म्हणणं होतं. मग सुईत दोरा ओवायची, दोऱ्याला मेण लावायची आणि कामाला लागायची. गजर वाजला की सुई असेल तिथे थांबायची. टाका अर्ध्यात असला तरी.

हे थांबणं तिला त्याआधी जन्मात जमलं नव्हतं.

वाचनालयात सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. तळमजल्यावरच्या दुरुस्तीच्या खोलीत तिने एकोणतीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली होती. खळ, सरस, पुठ्ठा, दाभण आणि तो जुना लोखंडी शिकंजा, ज्यात पुस्तकं दाबून वाळवायची. शिकंज्याचं चाक ती एका हाताने आवळायची, आणि नवा शिपाई दोन्ही हातांनी लटकला तरी ते सैल व्हायचं नाही. मग छातीत पाणी झालं, त्यातून फुफ्फुसांचा संसर्ग वाढला, आणि ती चार महिने इस्पितळात होती. त्यातले अठरा दिवस श्वासाच्या यंत्रावर. घरी आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “फुफ्फुसं बरी झाली. आता ताकद परत मिळवायची, आणि ती गोळीत मिळत नाही.” त्या दिवशी तिला केस विंचरायला दोनदा बसावं लागलं होतं.

आजारी पडली तेव्हा शिकंज्याशेजारच्या, शिवायच्या लाकडी चौकटीवर एक जाडजूड शब्दकोश अर्धा शिवून राहिला होता. चौसष्ट फर्म्यांचा. फर्मा म्हणजे चार-चार कागद दुमडून एकात एक घातलेली वही. अशा वह्या एकावर एक ठेवून कण्यातून शिवत जायच्या. सत्तावीस शिवून झाले होते. सदतीस बाकी होते.

ग्रंथपाल भेटायला आले तेव्हा फळं आणली आणि बरोबर एक अडचणही.

“बाई, वाईट वाटून घेऊ नका. बाहेरच्या बाइंडिंगच्या कारखान्याशी ठरलंय. पन्नास दिवसांनी त्यांची गाडी येणार, जुनी पुस्तकं न्यायला. तो शब्दकोशही यादीत आहे.”

“ते कणा कापणार,” ती म्हणाली.

“यंत्रात घालायला कापावाच लागतो ना.”

“कणा कापला की घड्या गेल्या. परत कधी शिवता येणार नाही त्याला.” तिने श्वास घेतला. “घरी पाठवा. चौकटीसकट. गाडी यायच्या आत शिवून झाला, तर न्यायचा नाही. कव्हर मी सावकाश घालीन.”

ग्रंथपालांनी तिच्या मनगटाकडे पाहिलं. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. पण एकोणतीस वर्षांत बाईंनी शब्द मोडला नव्हता, म्हणून त्यांनी मान हलवली.

आठवड्यातून एकदा इस्पितळातली थेरपिस्ट मुलगी घरी यायची. तिने पहिल्या दिवशी काहीच करायला सांगितलं नाही; फक्त तीन दिवस टेबलाशी बसून काम करा आणि दमणूक वाटायला लागते ती वेळ लिहून ठेवा म्हणाली. बाइंडरबाईने लिहिलं: सतरा मिनिटं, पंधरा, तेरा.

“सरासरी पंधरा,” मुलगी म्हणाली. “म्हणजे आपण बारापासून सुरू करायचं.”

“अगं, पंधरा जमतात म्हणून लिहिलं ना मी?”

“मावशी, पंधराला तुम्ही दमता. दमायच्या आधी थांबायचं. बरं वाटलं तरी बारा, कंटाळा आला तरी बारा. आठवडाभर सलग जमलं की एक-दोन मिनिटं वाढवू. आणि विश्रांती म्हणजे काम झाल्यावर मिळणारं बक्षीस नाही. तीही वेळापत्रकातच लिहायची. दम लागला, चक्कर आली, ताप आला तर मात्र डॉक्टरांना फोन, गजराची वाट बघायची नाही.”

वेळापत्रक हा शब्द ऐकून नवऱ्याचे डोळे चमकले. तो निवृत्त बसचालक. जन्मभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर गाडी हाकलेला माणूस, आता स्वतःचं लिहायला मिळालं. त्याने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत फलक केला: नाश्ता आठ पाच. टेबल नऊ. आडवं होणं नऊ बारा. आंघोळ चार दहा.

“आंघोळ दुपारी?” ती म्हणाली.

“सकाळी आंघोळ केलीस की तासभर पडून राहतेस. मग टेबलाशी कोण बसणार, तुझी सावली? बसून आंघोळ, दुपारी, स्टुलावर. टाकीत इंधन किती ते बघून गाडी काढायची असते. सासरेबुवांनी दिलेली गाडी आहे, मधेच बंद पडली तर ढकलणार मीच.”

“माझ्या वडिलांना मधे आणू नका.”

पहिले दोन आठवडे झकास गेले. रोज एक फर्मा. फाटलेल्या घडीला झिरझिरीत कागदाची पट्टी खळीने आदल्या दिवशीच लावून ठेवायची, म्हणजे सकाळी नुसतं शिवायचं. नणंद शेजारच्याच गल्लीत राहायची. ती डबा घेऊन यायची, आणि डब्याबरोबर टोमणाही.

“वहिनी, बारा मिनिटांत काय होतं हो? बारा मिनिटांत माझी चप्पलसुद्धा सापडत नाही.”

“तुमची चप्पल एकच आहे, फर्मे सदतीस आहेत,” ती म्हणायची, आणि गजर वाजायचा.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा उजाडला की अंगात आजार होता हेच तिला आठवेना. नवरा बाजारात गेला होता. खिडकीतून ऊन थेट कण्यावर पडलं होतं. गजर वाजला. तिने तो बंद केला. फक्त एक आणखी, असं म्हणून दुसरा फर्मा घेतला. मग तिसरा. हातांना जुनी लय सापडली: आत, बाहेर, फितीला वळसा, शेवटी गाठ. नऊ फर्मे झाले तेव्हा नवरा पिशव्या घेऊन दारात उभा होता.

“नऊ!” ती म्हणाली. चेहरा इतका उजळलेला की त्याने रागवायचं सोडून पिशव्या खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी तिला पाण्याचा पेला उचलवेना. पाच दिवस ती अंथरुणात होती. ताप नाही, खोकला नाही. नुसतं अंग ओलं पोतं झालेलं. सहाव्या दिवशी बसून पाहिलं तर शेवटचे तीन फर्मे सैल. दमलेल्या हाताने दोरा ताणला नव्हता, गाठी घसरल्या होत्या. पुस्तक उघडताच ते भाताच्या शितांसारखे सुटे झाले असते. शिकाऊ पोरीने केले असते तर ती म्हणाली असती, उसव. तिने स्वतःलाच सांगितलं आणि उसवले.

थेरपिस्ट मुलगी आली तेव्हा बाइंडरबाई तिच्याकडे बघत नव्हती.

“आठ मिनिटांपासून,” मुलगी एवढंच म्हणाली. “मावशी, एक विचारू? पुस्तकाला सरस लावल्यावर शिकंज्यात किती वेळ ठेवता?”

“रात्रभर. कमीत कमी.”

“मधे काढून बघत नाही?”

“काढलं की कणा वाकतो.”

मुलगी वही काढून तारीख लिहायला लागली. पण ती गेल्यावर बाइंडरबाई बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षं तिने पुस्तकांना वाळायला वेळ दिला होता. शिकंज्यातलं पुस्तक रिकामं बसलंय असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

आठ मिनिटांत अर्धा फर्मा. दोन दिवसांत एक. मग दहा मिनिटं, मग पुन्हा बारा. नवऱ्याने फलकावर जुने आकडे खोडले नाहीत, शेजारी नवे लिहिले. शेवटच्या आठवड्यात दुपारी एक दुसरी फेरीही आली, मधे दोन तास आडवं होऊन.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी चौतिसावा फर्मा शिवून झाला आणि पस्तिसावा अर्ध्यावर आला; दुपारी तिने तोच पुढे घेतला. नणंद आली होती. ग्रंथपालही आले होते, गाडी उद्या बारा वाजता येणार हे सांगायला. पस्तिसावा पुरा झाला. छत्तिसाव्याचा एक टाका, दोन टाके... आणि गजर वाजला.

तिने सुई कागदातच ठेवली. दोन्ही हात मांडीवर घेतले.

“अहो वहिनी, दीडच राहिला की!” नणंद उभीच राहिली. “शिवा पटकन. आज नाही दमणार तुम्ही, बघा चेहरा कसा टवटवीत आहे.”

“तेच तर,” ती म्हणाली. “त्या दिवशीही टवटवीतच होता.”

ग्रंथपाल घसा साफ करत म्हणाले, “बाई, उद्या काही झालं तर... यादी माझ्या हातात नाही.”

नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या तोंडावर आलं होतं की शिव, मी उद्या दिवसभर तुझी सेवा करीन. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याने ते गिळलं.

“उद्या नऊ वाजता दीड फर्मा,” ती म्हणाली. “जेवढा होईल तेवढा. मग दीड तास आडवी. अकराला उरलेला. बाराला गाडी. फलकावर लिहा अहो.”

त्याने लिहिलं. तिने उठून खुर्ची आत सरकवली, गजराचं घड्याळ फडक्याने पुसलं आणि आत जाऊन पाठ टेकली. इतक्या वर्षांत कामावरून असं उठताना ती पहिल्यांदाच ताठ चालली होती.

नवऱ्याने मात्र दुसऱ्या दिवशी नाश्ता तसाच ठेवला. नऊ वाजता छत्तिसावा झाला, सदतिसाव्याचे दोन टाके पडले, गजर वाजला. ती आडवी झाली. तो खोलीबाहेर फेऱ्या मारत होता, चपला हातात धरून, आवाज नको म्हणून. तिने डोळे मिटूनच हाक मारली, “बसा हो. तुमच्या चालण्यानेच दमले मी.”

अकरा वाजून दहा मिनिटांनी शेवटची गाठ पडली. घट्ट. तिने नखाने ओढून पाहिली. मग दोरा कापला. गजर अजून वाजायचा होता, म्हणून ती दोन मिनिटं नुसती बसली, तळहात कण्यावर ठेवून. चौसष्ट घड्या एका रेषेत होत्या.

बाराला ग्रंथपाल आले, मागे कारखान्याचा माणूस. त्याने पुस्तक उघडलं, मधोमध, जिथे नेहमी फाटतं तिथे. कागद सपाट पसरले, एकही उचलला नाही.

“हे कोणी शिवलं?” त्याने विचारलं.

“आमच्या बाईंनी,” ग्रंथपाल म्हणाले, आणि यादीतून ओळ खोडली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. नणंदेने डबा जरा आपटूनच टेबलावर ठेवला. “बारा मिनिटं हं,” ती कारखान्याच्या माणसाला म्हणाली, जणू काही पद्धत तिनेच काढली होती. “रोज फक्त बारा मिनिटं.”

पुढच्या महिन्यापासून बाइंडरबाई आठवड्यातून दोन दिवस वाचनालयात जाऊ लागली, दोन-दोन तास, मधे बाकावर पाठ टेकून. गजराचं घड्याळ आणि फलक तिने सोबत नेले, आणि फलक शिकंज्याच्या वर टांगला. शब्दकोश कव्हर घालून शिकंज्यात ठेवला तो दिवस कोणी साजरा केला नाही. चाक तिला आता दोन्ही हातांनी आवळावं लागलं, आणि तिने ते लपवलं नाही. ग्रंथपालांनी वरून हाक मारली, बाई, वर या, चहा झालाय. तिने घड्याळ भिंतीकडे वळवलं आणि जिन्याच्या दिशेने आवाज दिला:

“झाकून ठेवा. बारा मिनिटांनी येते.”