पेटीकोटावरचं मेण

"गळालं! सगळं गळालं! आता काय ऱ्हायलंय त्येच्यात!"

मोरीच्या दारात आत्याबाई ओरडत होत्या आणि त्यांच्या हातात माझा पेटीकोट निशाणासारखा फडकत होता. आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. करकंबला त्यांनी अंगणातून हाक मारली तर शिवारातले बैल जागच्या जागी थांबतात, दोन-चार तर कायमचे बहिरे झालेत. तो आवाज आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सोडला तर काय होणार? खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅसवरचं दूध तसंच सोडून जिना गाठला.

"अहो आत्याबाई, काय गळालं?" मी पलंगावरून विचारलं. पलंगावरून, कारण मला उतरायची परवानगी नव्हती. सहा दिवसांपूर्वी माझ्या गर्भाशयात डॉक्टर मॅडमनी एक गर्भ सोडला होता. सात वर्षं वाट पाहिली, दोनदा नाही झालं, ही तिसरी खेप. मॅडमनी सांगितलं होतं, फिरा, हलकं काम करा. आत्याबाईंनी मात्र आल्या दिवशीच पलंगाच्या पायथ्याशी दोन-दोन विटा लावल्या. माझे पाय वर, डोकं खाली. सहा दिवसांत माझं सगळं रक्त कानांत जमा झालं होतं आणि मला भिंतीतल्या मुंग्या बोललेल्या ऐकू येत होत्या.

"ह्ये बघ!" पेटीकोट माझ्या नाकापाशी आला. त्यावर पांढरट, पिवळसर, मेणचट डाग. मध्येच चुऱ्यासारखे दोन-तीन पापुद्रे. "धुपणी लागलीया तुला. पांढरं जातंय अंगावरून. हाडं धुपून चालली पोरीची, अन् त्येच्यासंगं बाळबी!"

धुपणी. हा शब्द आमच्याकडच्या बायका असा उच्चारतात की ऐकूनच बाई दोन किलोनं हलकी व्हावी. खालच्या काकूंनी लगेच स्वतःच्या गुडघ्यांना हात लावून पाहिला.

तो डाग कशाचा हे मला ठाऊक होतं. म्हणजे, ठाऊक असायला हवं होतं. ट्रान्सफरच्या, म्हणजे गर्भ आत सोडायच्या, आधीपासून मी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी खालून ठेवत होते. गर्भासाठी गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवतं ते संप्रेरक त्या गोळीत असतं, आणि गोळीचा बाकीचा सगळा ऐवज म्हणजे मेणासारखी चरबी. हे सगळं डब्यातल्या कागदावर छापलेलं होतं, पण मुंगीनं मुंगीसाठी लिहावं तेवढ्या अक्षरात. आमच्या ह्यांनी तो कागद मोबाइलच्या टॉर्चखाली दोन संध्याकाळी वाचला आणि निष्कर्ष काढला, "फ्रिजमध्ये ठेवायच्या, असं काहीतरी आहे." इंजिनिअर माणूस! चिंचोळीच्या कारखान्यात ह्यांच्या हाताखाली वीस माणसं आहेत. त्यांचं कसं चालतं कोण जाणे.

तर मला ठाऊक असायला हवं होतं. पण सहा दिवस डोकं खाली करून झोपलेल्या बाईच्या पोटात भीतीच आधी शिरते. मी तो डाग पाहिला आणि मला वाटलं, खरंच की. जे आत ठेवलं तेच बाहेर आलं. मग आत राहिलं काय?

आत्याबाईंनी माझा चेहरा वाचला आणि राज्य ताब्यात घेतलं. फ्रिज उघडून गोळ्यांचा डबा काढला, दही आणि कोथिंबिरीच्या मधून, आणि थेट आपल्या ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. किल्ली पोलक्यात. "ही इंग्रजी मेणबत्ती आता बंद. ह्येनंच धुपणी लागलीया. कडुलिंबाचा पाला उकळते, त्येनं आतून धू. मग बघू."

"संध्याकाळची गोळी?"

"कसली गोळी! घातली तेवढी पडली. मी काय आंधळी हाय?"

आणि खरंच त्यांनी पातेलं चढवलं. कडुलिंबाचा वास जिन्यातून असा उतरला की गल्लीतल्या डासांनी सामान बांधून अक्कलकोटची गाडी धरली. खालच्या काकू, ज्यांना स्वतःच्या पित्ताचंही औषध कधी सापडलं नाही, त्या पातेल्यात तुरटीचा खडा टाकायला सुचवत होत्या.

मी विटांवरून घरंगळत खाली उतरले. सात वर्षांत मी कोणाचं काय काय ऐकलं नव्हतं! सोमवार धरले, केळी सोडली, एकीच्या सांगण्यावरून उजव्या कुशीवरच झोपले. सगळं निमूट. पण संध्याकाळची गोळी चुकली तर? मॅडमनी बजावून सांगितलं होतं, या खेपेला माझं शरीर ते संप्रेरक स्वतः पुरेसं बनवणार नाही, सगळी भिस्त गोळीवर.

"आत्याबाई, दवाखान्यात चला. तुम्हीच सांगा मॅडमना."

हा माझा कावा होता. आत्याबाईंना डॉक्टरला चार शब्द सुनवायची संधी म्हणजे दिवाळी. ट्रंक उघडली, पुरावा म्हणून डब्यातली एक पट्टी काढली, पेटीकोटाबरोबर कापडी पिशवीत कोंबली, डबा पुन्हा कुलपात. नेसत्या लुगड्यावर इस्त्रीचं नवं लुगडं नेसल्या की काय असं वाटावं इतक्या ऐटीत निघाल्या.

एप्रिलमधली सोलापूरची दुपार. रिक्षाच्या सीटवर पापड ठेवला असता तर तो तळून, मीठ लावून, वर कांदा घालून मिळाला असता. आत्याबाईंनी पिशवी मांडीवर गच्च धरली होती, जणू आत चोर आहे आणि तो उडी मारेल.

दवाखान्यात मॅडम ऑपरेशनमध्ये होत्या. टेबलाशी सिस्टर होत्या, हडकुळ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. रांगेतल्या डझनभर बायकांसमोर आत्याबाईंनी पेटीकोट टेबलावर पसरला.

"बघा तुमची करामत! पोरीला धुपणी लावली!"

सिस्टरनी डाग पाहिला. वास घेतला. हो, वास घेतला, आणि त्या क्षणापासून मी त्यांची भक्त आहे.

"वास नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "लाल काही दिसलं? खाज, जळजळ? ताप, पोटात जोरात दुखणं?"

"नाही."

"मग हे गोळीचं मेण आहे. सगळ्यांचं येतं."

"सगळ्यांचं!" आत्याबाई रांगेकडे वळल्या. "व्हय गं, तुमचंबी येतंय का?"

सात बायकांनी माना खाली घातल्या आणि त्यातल्या पाचजणींनी खालच्या मानेनंच होकार दिला. एक म्हणाली, "मला तर वाटलं माझ्याच एकटीचं." दुसरी म्हणाली, "मी तर चार दिवस सासूला सांगितलंच नाही." इतकी वर्षं या बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसत होत्या, आणि पेटीकोटाची गोष्ट काढायला करकंबहून माणूस यावा लागला.

पण आत्याबाई अशा कुठल्या हटतात. "सगळ्यांचं येतंय म्हंजी सगळ्यांचंच औषध वाया जातंय. ही बघा गोळी, चांगली घट्ट..." म्हणत त्यांनी पिशवीतून पट्टी काढली, एक कप्पा फाडला आणि उलटा केला.

त्यातून गोळी नाही पडली. तेल पडलं. आत्याबाईंच्या तळहातावरून मनगटाकडे, मनगटावरून बांगड्यांत.

सिस्टरनी चष्मा वर सरकवला. "किती वेळ होती पिशवीत?"

"आत्ता तर काढली. अर्धा तास."

"अर्ध्या तासात पिशवीत वितळली. तुमच्या सुनेच्या पोटात काय बर्फ आहे? तिथं वितळायलाच बनवलीय ती. वितळते, औषध आतल्या त्वचेतून शोषलं जातं, आणि उरलेलं मेण जाणार कुठं? वर तर जात नाही. येतं खाली. पट्टी टाकून द्या, ती आता कामाची नाही."

"पण औषधबी त्येच्यातच हाय की."

सिस्टरनी आत्याबाईंचा तो तेलकट हात धरला आणि उलटा केला. गावातल्या कुठल्याशा लग्नातली मेंदी अजून नखांवर होती.

"मेंदी काढता तेव्हा वाळून पडते ना?"

"पडतीच की."

"पडलेला पापुद्रा बघून कुणी रडतं का, की मेंदी गेली म्हणून?"

आत्याबाईंनी दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं नखावरचा रंग घासून पाहिला. रांगेतली एक बाई हळूच म्हणाली, "रंग तर आत राहतोय की," आणि आत्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तोंडावर पदर घेतला.

"गोळी ठेवली की थोडा वेळ आडवं पडायचं," सिस्टर मला म्हणाल्या, "मग उठायचं. पॅड लावायचं, बाहेरचं. मेण दिसलं म्हणून दुसरी गोळी ठेवायची नाही. आत बोट घालून मेण काढायचं नाही. आत पाणी मारायचं नाही."

"कडुलिंबाचं?" मी विचारलं. विचारायलाच पाहिजे होतं असं नाही. पण सहा दिवस माझे पाय वर होते.

"कुणी सांगितलं कडुलिंबाचं?" सिस्टरचा आवाज पहिल्यांदा चढला. आणि मी शपथेवर सांगते, करकंबचे बैल थांबवणाऱ्या आत्याबाई त्या आवाजानं स्टुलावर बसल्या. "इथल्या एकीनं तुरटीनं धुतलं, आठ दिवस आग आग होत होती. लाल दिसलं, घाण वास आला, खाज सुटली, ताप आला, पोट जास्त दुखलं, तर फोन करायचा. पाला उकळायचा नाही."

घरी आल्यावर आत्याबाईंनी ट्रंक उघडली, उकाड्यानं वितळलेला डबा टाकून दिला आणि येताना घेतलेला नवा दह्याच्या मागे ठेवला. मग पलंगाखालच्या विटा स्वतःच काढल्या, त्याही खालच्या काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात, "काय बायका असत्यात! कायबी ऐकत्यात अन् कायबी करत्यात!" असं म्हणत. काकू बिचाऱ्या तुरटीचा खडा घेऊन आल्या होत्या, तशाच परत गेल्या.

पुढचे आठ दिवस मी रोज ते मेण पाहिलं. कधी चुरा, कधी थेंब, कधी काहीच नाही, आणि काहीच नाही त्या दिवशी जास्त घाबरले. त्या आठ दिवसांत सोलापूरच्या सगळ्या घड्याळांचे सेल संपले होते, असं माझं ठाम मत आहे.

रक्ततपासणीच्या दिवशी मॅडमनी कागद वाचला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "पॉझिटिव्ह आहे. आकडा चांगला आहे. परवा पुन्हा तपासू."

हे खुर्चीत बसलेले होते ते उभे राहिले, मग परत बसले, मग पुन्हा उभे राहिले. मी रडले की हसले ते मला आठवत नाही. आत्याबाईंनी मात्र पदर खोचला, टेबलावर दोन्ही हात टेकले आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं विचारलं, "मग बाळ धरलं न्हवं आता! ते मेण बंद की?"

मॅडम पुढची चिठ्ठी लिहीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही. अजून दोन महिने."