बसचालकाचं सहा बाय सहा

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांचं अक्षर खुद्द डॉक्टरांनाही लागत नाही. ते लागतं फक्त नोंदणीच्या मावशींना. म्हणून जुन्या चिठोऱ्यांवरून प्रत्येक भेटीचा सुबक तक्ता करायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. तारीख, उजवा डोळा, डावा डोळा, नंबर, चष्म्याशिवाय नजर, चष्म्यासह नजर.

एका बसचालकाच्या तक्त्यापाशी मावशी अडल्या. पाच भेटींत दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस पाऊणपासून मायनस तीनपर्यंत चढला होता. चष्म्याशिवाय नजर मात्र दर वेळी ६/६, म्हणजे अगदी निर्दोष.

"डॉक्टर, मायनस तीनवाल्याला चष्म्याशिवाय वरचं मोठं अक्षर दिसलं तरी नशीब. हे शेवटून दुसरी ओळ वाचतात?"

"घडाघडा वाचतात. तुम्ही नुसतं उतरवा."

"वाचतील नाहीतर काय! वीस वर्षं अक्षरांचा एकच फलक, तोही बाकासमोर टांगलेला. बोलावणं येईपर्यंत माणसाला तो पाठच होतो." मावशींनी फलकाकडे पाठ केली आणि सगळ्या ओळी म्हणून दाखवल्या.

डॉक्टरांनी नवा फलक मागवला. चालकाला चष्म्याशिवाय बस चालवायला हरकत नसल्याचा दाखला मात्र मागच्याच आठवड्यात दिलेला, आणि तो परत मागायची त्यांना लाज वाटते.

मावशी हल्ली घरी चालत जातात.