माझ्या स्वभावाचं वाक्य

मुलीने स्पेनमधल्या मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, नाहीतर धक्का तरी बसायला हवा होता. मी कुकर बंद केला आणि म्हटलं, बरं झालं. माझ्या वाटणीचा आनंद आणि धक्का दोन्ही नवऱ्यानेच करून घेतले. चार दिवसांत त्याने कामोठ्यातला एक क्लास शोधून काढला. व्याह्यांना इंग्रजी येत नाही, आपल्याला स्पॅनिश येत नाही, मग लग्नात काय एकमेकांची तोंडं बघत बसायचं, असं त्याचं म्हणणं. तळोज्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, हाताला काम हवंच असतं. मला विचारलं नाही, पण फी दोघांची भरून आला.

क्लास दर रविवारी सकाळी साडेसातला, एका मेडिकलच्या दुकानावरच्या खोलीत. इतर वेळी तिथे दहावीचं गणित चालायचं, त्यामुळे बाकं पोरांच्या मापाची. नवऱ्याचे गुडघे त्यात मावायचे नाहीत. शिकवणारी मुलगी तिशीची, आठवडाभर कुठल्याशा ऑफिसात स्पॅनिशमधून फोन घ्यायची आणि रविवारी आम्हाला सोसायची. आम्ही सगळे मिळून सहाजण. त्यातले उलव्याचे एक गृहस्थ तेवढे लक्षात राहिलेत. जमीन विमानतळात गेली, आता विमानतळ सुरू झालाय तर परदेशी पाहुण्यांसाठी गाड्या लावायच्या, म्हणून ते भाषा शिकत होते. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, पण मला ताई म्हणायचे.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंतच नाही, शेजारच्या वर्गापर्यंत जायचा आणि तिथल्या बाई तक्रार करायच्या. घरीसुद्धा बोलून बोलून मी नवऱ्याचं डोकं खायचे. हे सांगायला हवं, कारण क्लासमधल्या कुणाचाही यावर विश्वास बसला नसता.

माझा भाऊ नाश्ता करता करता गेला. माझ्याच घरी, माझ्याच टेबलावर. पोह्यांवर लिंबू पिळत होता. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी रडले नाही. बाराव्या-तेराव्याला आलेल्या बायका आपसात म्हणाल्या, तिला धक्का बसलाय, रडेल हळूहळू. ते हळूहळू काही आलं नाही. मी शाळा मुदतीआधी सोडली. स्वयंपाक करायचे, कपडे वाळत घालायचे, टीव्हीवर जे लागेल ते बघायचे. दुःख होतं म्हणावं तर तेही नाही. दात काढताना हिरडीला इंजेक्शन देतात ना, तसं. बोट लावलं तर कळतं की गाल आहे, पण तो आपला वाटत नाही.

पहिले सहा महिने लोक नवऱ्याला विचारायचे, वहिनी कशा आहेत? पुढे विचारायचे, वहिनी हल्ली बोलत नाहीत का? आणि मग एक दिवस त्याने सोसायटीत नव्याने आलेल्या जोडप्याला सांगितलं, हिचा स्वभावच शांत आहे. मी शेजारीच उभी होते. नवीन माणसं, त्यांनी मान डोलावली. तेव्हापासून हेच उत्तर पक्कं झालं. मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट सोपं वाटलं, स्वभाव म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

मुलीचं ठरल्यावर तर त्याने मला बसवून समजावलं. लग्न होईपर्यंत व्याह्यांकडे यातलं काही बोलायचं नाही. आईला असं काही आहे म्हटलं की लोक घराण्यात आहे का ते बघतात. अरे, ते स्पेनचे लोक, ते काय आपल्यासारखे चौकशा करत फिरणार आहेत? पण एवढंही मी बोलले नाही. मान हलवली. तो वाईट माणूस नाही, हे मला आजही म्हणायचंय. तो घाबरला होता.

पाचव्या-सहाव्या रविवारी क्लासच्या बाईंनी सेर आणि एस्तार काढलं. दोन्हींचा अर्थ असणे. आपण मराठीत दोन्हीकडे ‘आहे’ म्हणून मोकळे होतो, तिथे ते होत नाही. फळ्यावर दोन रकाने केले. एका बाजूला सेर: तू कोण आहेस, कुठली आहेस, धंदा काय, स्वभाव कसा, वस्तू कशाची बनलीय. दुसऱ्या बाजूला एस्तार: कुठे आहेस, कशी आहेस, कोणत्या अवस्थेत आहेस. पुस्तकात लिहिलेलं असतं, कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. बाई म्हणाल्या, हा नियम जिन्याच्या कठड्यासारखा धरा, वर पोहोचलात की सोडून द्या.

नवऱ्याला असले नियम भलते आवडतात. त्याने लगेच लिहून घेतलं. बाईंनी पुढचं वाक्य लिहिलं, पनवेल एस्ता एन ला इंदिया, पनवेल भारतात आहे. नवरा म्हणाला, इथे सेर हवं, पनवेल काय उठून जाणार आहे? त्यावर उलव्याचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, नाय साहेब, गाव पन उठतो, आमचा उठला. मग बाईंनी समजावलं, की गाव उठो न उठो, एखादी जागा किंवा वस्तू कुठे आहे हे सांगताना एस्तारच. आणि किती वाजले हे सांगताना मात्र सेर, सोन लास ओचो, आठ वाजलेत. घड्याळ तर दर मिनिटाला बदलतं. तेव्हा किती काळ टिकतं हा प्रश्नच नाही. ती गोष्ट म्हणजे काय आहे हे सांगायचंय, की ती कोणत्या अवस्थेत आहे हे, एवढं बघायचं.

कुणीतरी विचारलं, मग मेलेल्या माणसाचं काय? बाई म्हणाल्या, एस्ता म्वेर्तो. एस्तारच. मरणाहून कायमचं काय असतं, पण तीही अवस्थाच धरतात. माणूस त्याआधी जिवंत होता आणि मग हे झालं. मी तेवढंच वहीत लिहिलं. हात नेहमीसारखा चालला, काही झालं नाही.

मग उदाहरणं सुरू झाली. तो-ती म्हणताना सेरचं एस होतं आणि एस्तारचं एस्ता, मी म्हणताना सोय आणि एस्तोय. एस लिस्तो म्हणजे तो हुशार आहे, एस्ता लिस्तो म्हणजे तो तयार आहे. उलव्याचे म्हणाले, मंग मी एस्तारवाला, तयार हाय पन हुशार नाय. सगळे हसले. बाईंनी प्रत्येकाला सोबतच्या माणसाविषयी एक वाक्य करायला सांगितलं. नवऱ्याने माझ्याकडे बघून म्हटलं, मि मुहेर एस कायादा. माझी बायको शांत आहे, स्वभावाने. तयारच होतं त्याचं. तेवढ्यात मागच्या बाकावरून उलव्याचे म्हणाले, एस्ता कायादा. नवरा मागे वळून म्हणाला, नाही हो, एस. त्या गृहस्थांनी बाईंकडे बघितलं. बाई म्हणाल्या, दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. एस म्हटलं तर त्या मुळातच कमी बोलणाऱ्या, एस्ता म्हटलं तर आत्ता गप्प झालेल्या. कुठलं खरं ते मला फळ्यावर सांगता येणार नाही, घरच्यांनाच माहीत. आणि त्यांनी फळा पुसायला घेतला.

रिक्षात नवरा म्हणाला, त्या माणसाला नको तिथे नाक खुपसायची सवय आहे. मी बाहेर बघत होते. मला एवढंच कळलं, की जो माणूस मला आठवड्यातून दीड तास बघतो, त्याला दिसलं होतं. आणि हेही कळलं, की उद्या व्याह्यांसमोर एस म्हटलं गेलं, की मुलीची सासू मला आयुष्यभर तशीच ओळखणार. तिच्यासाठी दुसरी मी कधी नव्हतेच. हे कळलं, पण त्याचं काही करावंसं वाटलं नाही.

पुढच्याच रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल ठरला. आमच्याकडे पाच, त्यांच्याकडे दुपार. नवऱ्याने वहीत ओळीने वाक्यं लिहून काढली होती. नाव, गाव, नोकरी, आणि चौथं माझं. इस्त्रीचा शर्ट घालून तो मोबाईलसमोर बसला. पडद्यावर मुलगी, ती तिकडेच राहते, आणि तिच्याशेजारी विहीणबाई. माझ्याच वयाच्या, पिकलेले केस, पुढ्यात कॉफीचा कप. नवऱ्याने तीन वाक्यं पोपटासारखी म्हटली. त्या हसल्या, टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. मुलगी सांगायच्या आतच नवऱ्याने म्हटलं, मि मुहेर एस कायादा.

त्या मान डोलावणार होत्या. सोसायटीतल्या त्या जोडप्यासारखीच त्यांची मान किंचित खाली जाताना मला दिसली. आणि मी म्हटलं, “नो. नो सोय कायादा. एस्तोय कायादा.”

मी ठरवलं नव्हतं. आवाज बसलेला निघाला, वापरात नसलेला. नवऱ्याचा हात वहीवर थांबला. मुलीने मान वर केली. विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि दोनच शब्द विचारले. “देस्दे क्वांदो?”

क्वांदो म्हणजे केव्हा, एवढं येत होतं. मुलीने हळूच सांगितलं, “आई, त्या विचारतायत, कधीपासून?”

हे मला तोपर्यंत कुणीही विचारलं नव्हतं. स्वभावाला कुणी कधीपासून असं विचारत नाही. मी आकडा शोधायला लागले आणि मला तो सापडेना. महिने कुठून मोजायचे, भाऊ गेला तिथून, की शाळा सोडली तिथून, मला खरंच सांगता येईना.

“दोस आन्योस इ क्वात्रो मेसेस,” नवरा म्हणाला. वहीत न बघता. मग आमच्या भाषेत, माझ्याकडे न बघता, “दोन वर्षं चार महिने. परवाच्या बुधवारी झाले.”

म्हणजे तो मोजत होता. जगाला स्वभाव म्हणून सांगत होता आणि मनात महिने मोजत होता, इतके दिवस, माझ्या शेजारी झोपून. मला राग आला. असा आला की कानशिलं तापली आणि ओढणीचा काठ मी मुठीत आवळला. आधी मला कळेचना की हे काय होतंय, इतक्या दिवसांत काही आलंच नव्हतं. पडद्यावर दोघी थांबल्या होत्या. मी नवऱ्याकडे वळले आणि म्हटलं, “मग मला का नाही विचारलंस?”