फॉर्ममधली गृहिणी

अन्याय माझ्या आईवर झाला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, नगरच्या एका अभ्यासिकेत. करणारी मी.

सरकारी पदाची लेखी परीक्षा पास झाले होते. खऱ्या मुलाखतीआधी तिथं सरावाची मुलाखत होती. समोर एक निवृत्त तहसीलदार आणि एक प्राध्यापिका. दोघांच्या हातात माझ्या फॉर्मची प्रत. वडील : ऊसतोड कामगार. आई : गृहिणी.

वडिलांचं पाठ होतं. कारखान्याला जाणं, पाचटाची झोपडी म्हणजे कोपी, गावच्या शाळेतलं हंगामी वसतिगृह, तिथं सहा-सहा महिने आईबापाविना काढलेली मी. मान वर ठेवून बोलले. कुठं अडले नाही.

"छान," तहसीलदार म्हणाले. "पण पत्रक वाचल्यासारखं वाटलं."

पत्रकंच लिहिते मी, ऊसतोड कामगारांच्या संघटनेची.

प्राध्यापिकांचं बोट फॉर्मवर होतं. "वडील एकटेच जायचे तोडीला?"

"नाही मॅडम. एक कोयता म्हणजे जोडी. नवरा-बायको."

"मग जोडीतली बायको कोण?"

पंखा फिरत होता. मला काहीच वाटलं नाही, रागसुद्धा नाही. 'कोयत्यात दोन माणसं असतात, दोघांना मोजा' हे पत्रक मीच लिहिलं, कारखान्याच्या गेटवर वाटलं. एक आईलाही दिलं होतं. तिला वाचता येत नाही. घडी करून पिशवीत ठेवलं तिनं.

बाहेर येऊन तिला फोन केला. ती उसाच्या फडातच होती. सगळं सांगितलं.

"गृहिणी म्हंजी घरी असती तीच ना?"

"हो."

"लई ब्येस. एक हंगाम तरी घरी बसवलंस मला." मागं बायका हसल्या. मग हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसंच. सायबांपुढं कशाला मला उसात हुभी करती."

आठ दिवसांनी खरी मुलाखत. मूळ फॉर्म कधीच गेलेला, त्यातही गृहिणीच. अध्यक्ष म्हणाले, "घरची पार्श्वभूमी सांगा."

"सर, आधी एक दुरुस्ती. आईपुढं मी गृहिणी लिहिलंय, ते चूक आहे. वडील ऊस तोडतात. आई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. दोघांचा मिळून एक कोयता. कोपीवर आल्यावर भाकरीही तीच थापते."

"मग चूक कशी झाली?"

"चुकून नाही झाली सर. लाज वाटली होती."

त्यांनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं. पुढचा प्रश्न पाणलोटाचा होता. त्याचंही उत्तर दिलं. निकाल अजून लागायचाय. खरं सांगून आनंद झाला का, असं मैत्रिणी विचारतात. नाही झाला. आतमध्ये अजून तो पंखाच फिरतोय.

फॉर्म तुम्हीही भरलेत. काढा एखादा. आईच्या रकान्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. खोटं असेल, तर आजच तिला फोन करून सांगा.