सवडीने भेट द्यावी

नांदेडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो आणि लातूरला मुलाकडे राहायला आलो. घरात बसून सुनेच्या आमटीतल्या चुका काढायला लागलो, तेव्हा मुलाने मला एका कोचिंग क्लासच्या कचेरीत चिकटवून दिलं. भूकंपाला बरीच वर्षं झाली होती. शहरात आता गल्लोगल्ली क्लास आणि दर क्लासमागे दोन वसतिगृहं उभी होती. पालकांना जाणारी प्रत्येक ई-मेल आधी मसुदा म्हणून माझ्याकडे यायची. मी तपासायचो, मग ज्याची त्याने आपापल्या नावाने पाठवायची. पालकांना फोन करायला बंदी होती. फोनवर बोललेलं पुढे कुणी कबूल करत नाही, असं संचालकांचं म्हणणं.

पहिल्याच दिवशी मी भिंतीवर कागद लावला: ‘आणि, पण, म्हणून, कारण या शब्दांनी वाक्याची सुरुवात करू नये.’ का करू नये, हे कुणी विचारलं नाही. मीही माझ्या गुरुजींना विचारलं नव्हतं. त्यांनी छडी दाखवली होती, तेवढ्यावर माझं समाधान झालं होतं.

माझ्या सगळ्याच दुरुस्त्या वेडगळ होत्या असं नाही. परीक्षा विभागातला एक जण विषयाच्या रकान्यात ‘रविवारची चाचणी रद्द’ असं लिहायचा आणि खाली मेल सुरू करायचा, ‘कारण वीज नाही.’ गावाकडचे पालक झेरॉक्सच्या दुकानातून मेलची छापील प्रत घ्यायचे. वरचा रकाना कापला गेला की हातात उरायची वीज. ते वाक्य दुरुस्त करणं भागच होतं. दुसऱ्या एकाची सलग सहा वाक्यं ‘आणि’ने सुरू व्हायची. त्याची पाच मी छाटायचो. पण मी तिथे थांबत नव्हतो. लाल रंग एकदा हाताला लागला की मला आवरत नसे.

क्लासच्या मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर मॅडमचे मसुदे सर्वांत लाल व्हायचे. भूकंपात घर गेलेल्या गावची बाई. लहानपणाची काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढलेली. ती बोलायची तसंच लिहायची, तुकड्या-तुकड्यांत. मी तिला एकदा म्हणालो, “मॅडम, हे काय, वाक्यं आहेत की ठेचा?”

“सर, वाचनाराला कळल्याशी मतलब,” ती म्हणाली.

मला राग आला. कळण्यासाठी लिहायचं असतं हे मला कुणी सांगावं, हे मला सहन झालं नाही.

दसऱ्याच्या आधी तिचा एक मसुदा आला. उमरी तालुक्यातली एक मुलगी, वडील शेतकरी. मसुदा असा होता: ‘मुलीचा ताप उतरला आहे. पण ती जेवत नाही. आणि चार दिवस झाले, कुणाशी बोलत नाही. म्हणून तुम्ही लगेच या.’

चार वाक्यं, त्यांतली तीन माझ्या कागदाच्या विरुद्ध. मी हातासरशी सगळं एकत्र शिवलं: ‘आपल्या पाल्याचा ताप उतरला असून प्रकृती समाधानकारक आहे, तथापि भोजन व संभाषण याबाबत ती काहीशी उदासीन असल्याने आपण सवडीने भेट द्यावी.’ ‘समाधानकारक’ माझं. ‘काहीशी’ माझं. ‘लगेच’ शब्द त्या वाक्याच्या चालीत बसेना, म्हणून ‘सवडीने’. वाचून मला स्वतःला फार बरं वाटलं. तिने ते पाहिलं आणि आपलं नाव खाली ठेवून पाठवून दिलं.

वडील आले नाहीत. आठव्या दिवशी भर दुपारी मुलगी वसतिगृहातून नाहीशी झाली. रेक्टर मॅडम अनवाणी रिक्षात बसून गेली आणि तिने मुलीला बसस्थानकावर नांदेडच्या फलाटापाशी शोधून काढलं. मुलीजवळ पैसे नव्हते. तीन बस तिच्यासमोरून सुटल्या होत्या. “बाबा येत न्हाईत, मग मीच निघाले,” ती म्हणाली.

तेव्हा मात्र संचालकांनीच फोन केला. वडील दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. खिशातून मेलची चार घड्यांची प्रत काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार.

“साहेब, माझंच चुकलं,” ते म्हणाले. “पोरानं वाचून दावलं. प्रकृती चांगली हाय म्हनला. सवडीनं या म्हनला. सोयाबीन काढनीला आलं व्हतं, सवड कुठली? मळनी झाली की निघनारच व्हतो.”

मी त्यांना पाणी दिलं. मला लाज वाटली, आणि ती लपवायला मी चष्मा पुसत बसलो.

ते मुलीला घेऊन गेले. त्याच संध्याकाळी माझ्याकडे तपासायला एक नवा मसुदा आला. रेक्टर मॅडमला नोटीस: ‘पालकांना परिस्थितीचे गांभीर्य न कळवल्याबद्दल आपल्याला सेवेतून का कमी करू नये?’ मेल तिच्या नावाने गेली होती. नोटिशीच्या व्याकरणात एकही चूक नव्हती.

तिचा मूळ मसुदा माझ्याकडे होता, माझ्या लाल खुणांसकट. नोटिशीला उत्तर म्हणून मी तो संचालकांना पाठवला. वर लिहिलं: ‘मॅडमने गांभीर्य कळवले होते. मी ते काढले. कारण मला त्यांची वाक्ये आवडली नाहीत.’ तिसरं वाक्य दुसऱ्याला जोडता आलं असतं. मी जोडलं नाही. ते वेगळं वाचलं जावं, असं मला वाटत होतं.

नोटीस निघालीच नाही. संचालक मला म्हणाले, “वय झालं की होतं असं, सर.” यापेक्षा त्यांनी मला काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं. भिंतीवरचा कागद मी स्वतः काढला. त्यानंतर एकच पाहायचो: वाक्य तोडल्याने कारण एकटं पडतंय का, की तोडल्यानेच मुद्दा नजरेत भरतोय. पहिलं असेल तर जोडायचो, दुसरं असेल तर हात लावायचो नाही. शिक्षण खात्याला जाणारं पत्र असलं तर मात्र इस्त्री करायचो, तिथे तशीच रीत आहे.

दिवाळीनंतर रेक्टर मॅडमचा मसुदा आला. देवणीकडची मुलगी आजारी होती. मी वाचायला लागलो: ‘आपल्या पाल्यावर उपचार सुरू असून, तथापि ज्वर अद्याप कायम असल्याने आपण भेट देण्याची कृपा करावी.’ अख्ख्या मेलमध्ये एकही ‘पण’ नव्हता. मी तो मोडून लिहिला: ‘औषध चालू आहे. पण ताप उतरत नाही. लगेच या.’ आणि परत पाठवला.

ती स्वतः टेबलापाशी आली.

“सर, राहू द्या माझंच.”

“मॅडम, चूक माझी होती. तुमचं बरोबर होतं.”

“ते कळलं हो मला. पन खाली नाव माझं हाय. तुमच्यावानी लिवलं की कुनी नोटीस काढत न्हाई.” तिच्या आवाजात राग नव्हता. मला समजावून सांगत होती.

तिने तो ‘तथापि’वाला मसुदाच पाठवला. मग बाहेर व्हरांड्यात गेली आणि स्वतःच्या मोबाइलवरून नंबर फिरवला. “रेक्टर बोलतेय. पोरीचा ताप उतरंना झालाय. निघा, आत्ताच निघा.”

संचालकांची खोली व्हरांड्याच्या पलीकडेच होती, दार उघडं होतं, आणि पालकांना फोन करायची बंदी अजून उठली नव्हती. मी उठलो आणि त्यांचं दार ओढून घेतलं.