महालिंग कृषी सेवा केंद्र, लातूर

बसवराज स्वामी. ज्याचे माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत, त्याचे हे नाव. पुढे जे सांगणार आहे ते मी घरात कुणालाच सांगितलेले नाही — आईला नाही, बायकोला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी बिलोली तालुक्यातला. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिलाच. नांदेडच्या वसतिगृहात आलो तेव्हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा हेही कळत नव्हते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीकडचा बसवराज माझ्या खोलीतला. त्याने अर्ज भरला, फोटो चिकटवला, सही कुठे करायची तिथे बोट ठेवले. इंग्रजीचा पेपर त्याच्यामुळे निघाला. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला मी त्याचा आकाशी शर्ट घालून गेलो. गावाहून आला की शेंगदाण्याची चटणी आणायचा, डबा उघडून मधोमध ठेवायचा. आमच्या खोलीत कुलूप फक्त दाराला होते. फोनचा पॅटर्न, पिन, सगळे सगळ्यांना माहीत. त्यात काही वेगळे वाटतच नसे.

दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे पैसे मी मुदत ठेवीत टाकले. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, ठेवीवर क्रेडिट कार्ड मिळते, मर्यादा ठेवीपेक्षा थोडी कमी. कार्ड आले. बसवराजने ते माझ्या फोनमधल्या यूपीआयला जोडून दिले — कार्डाचे शेवटचे आकडे, मुदत, ओटीपी. पिनही त्यानेच टाकला.

“गज्या, आता तू साहेब झालास की,” तो म्हणाला. “साहेब, चहा तरी पाजा.”

तेव्हापासून मी दुकानातला चौकोन स्कॅन करायचो आणि पैसे खात्यातून न जाता कार्डावर चढायचे. महिन्याने एकदम भरायचे. काय गंमत वाटायची त्याची! मेडिकल, झेरॉक्स, कॉलेजसमोरचे कँटीन. कँटीनमधले सुशीला अजून आठवते — भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर शेंगदाणे, वर कच्चा कांदा, बाजूला वाफाळता चहा. तशा सकाळी नंतर आल्याच नाहीत.

मग पहिले स्टेटमेंट आले, ईमेलवर. पासवर्ड म्हणजे नावाची चार अक्षरे आणि जन्मतारीख. बसवराज तेव्हा गावाकडे गेला होता. तो असता तर — पण हे वाक्य मी पुरे करणार नाही.

सगळ्यात वर १९९ रुपये, प्रवेश शुल्क. त्याखाली ३५ रुपये ८२ पैसे, जीएसटी. हे कार्ड घेताना सांगितलेच होते, पण मला आठवेना. पुढे दोन रुपये गेलेले, कुणा अनोळखी कंपनीला. त्याच्या खालच्या ओळीत तेच दोन रुपये परत, पुढे ‘सीआर’. सीआर म्हणजे जमा, हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, चार रुपये गेले. मागे कुठेतरी वाचले होते की चोर आधी एक-दोन रुपये काढून कार्ड चालते का बघतात. आणि मग ती ओळ — महालिंग कृषी सेवा केंद्र, लातूर. वीस रुपये. पुन्हा तेच, पासष्ट. पुन्हा चाळीस. पानभर.

मी शेतीच्या दुकानाची पायरी कधी चढलो नव्हतो. लातूरला तर त्या महिन्यात गेलोच नव्हतो. लातूर जिल्ह्यातला कोण? पिन कुणाला माहीत? — तुम्ही असता तर तुमच्या मनात कुणाचे नाव आले असते?

मी कार्डामागच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कार्ड आधी बंद केले. त्या शांतपणे सांगत होत्या की दोन रुपये बहुधा एखाद्या ॲपने कार्ड तपासायला घेतले, ते परत आलेत. बाकीच्या प्रत्येक व्यवहारापुढे यूपीआयचा क्रमांक आहे, तो फोनमधल्या नोंदीशी ताडून बघा. पिन कुणाला दिलाय का? मी म्हणालो, रूममेटला. त्या म्हणाल्या, मग तक्रार नोंदवते, पण पिन तुम्हीच दिला असेल तर नुकसान तुमच्यावर येऊ शकते. मी एवढेच ऐकले. ताडून बघितले नाही. थेट वसतिगृहाच्या रेक्टर सरांकडे गेलो.

बसवराज परत आला तो सरांच्या खोलीतच. मी दाराशी उभा होतो.

“सर, ह्याचा पिन मला म्हाईत हाय, आन् माझा ह्याला. म्हून मी चोर व्हय?” मग माझ्याकडे वळून, “गज्या, तू तरी सांग की.”

मी पुढे होऊन स्टेटमेंटमधली एक ओळ सरांना बोट ठेवून दाखवली.

त्याला खोली सोडायला लागली. तो मुदखेडला मावशीकडे राहायला गेला, रेल्वेने ये-जा करू लागला.

आठवड्याभरात कँटीनमध्ये मी चहाचे पैसे देत होतो, या वेळी बचत खात्यातून. रोज स्पीकर रक्कम बोलला की मी निघायचो. त्या दिवशी स्पीकरला नेटवर्क नव्हते, म्हणून स्क्रीनकडे बघत थांबलो. नाव आले — महालिंग कृषी सेवा केंद्र, लातूर. मालकांना विचारले.

“मेव्हण्याचं दुकान होतं लातूरला, बंद पडलं,” ते म्हणाले. “त्याचंच स्टिकर लावलंय. खातं चालू हाय न्हवं. का रं, पैसे अडकले काय?”

खोलीवर येऊन मी क्रमांक ताडले. एकूण एक जुळले. तारीख, वेळ, सगळे माझेच चहा.

बँकेला फोन करून मी तक्रार मागे घेतली. दोन मिनिटे लागली. सरांकडे गेलो नाही. उद्या जाऊ म्हणालो. मग परीक्षा झाल्यावर. त्याआधीच एका पेपरच्या दिवशी मुदखेडहून येणारी गाडी उशिरा आली आणि बसवराजला आत घेतले नाही. त्याचे वर्ष गेले. तो परत नांदेडला आला नाही. मी पदवी घेतली, नोकरीला लागलो. गावाने केलेल्या सत्काराच्या दिवशी मित्रांचे आभार मानले आणि त्याचे नाव घेतले नाही.

मला भीती वाटली होती का? हो. पण बसवराजला वाटली नसेल?

गेल्या महिन्यात त्याला पत्र पाठवले. ते असे —

बसवराज,

पैसे तू घेतले नव्हतेस. कुणीच घेतले नव्हते. ते दुकान म्हणजे आपले कँटीन. तू गेल्यानंतर आठवड्यात मला कळले होते, आणि मी गप्प बसलो. रेक्टर सरांना आजच सगळे लिहून पाठवले आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे.

स्टेटमेंटमधली चाळीस रुपयांची ओळ मी सरांना बोट ठेवून दाखवली होती. ती कार्ड आले त्या दिवसाची आहे. दोन चहा आणि एक प्लेट सुशीला. सुशीला तू खाल्लेस. मीच म्हणालो होतो, आज माझ्याकडून.

गजानन